सुती शर्ट खांद्याला आणि कॉलरला अचानक का फाटतो

प्रश्न: "मी इंदूरला राहतो. माझे चार वर्षं जुने सुती शर्ट दिसायला अगदी ठीक आहेत, रंगही टिकून आहे. तरी गेल्या दोन महिन्यांत तीन शर्ट गेले. दोन पाठीवर, योकच्या म्हणजे खांद्यांवरच्या दुहेरी पट्टीच्या शिवणीखाली, आणि एक कॉलरच्या घडीवर. एक तर स्कूटरचं हँडल धरताना टर्रकन फाटला. घाम भरपूर येतो, घरी बोअरिंगच्या पाण्यात हातानं धुतो, गच्चीवर उन्हात वाळवतो. कापडच खराब मिळालं का? उरलेले वाचतील का?"

उत्तर:

कापड खराब असण्याची शक्यता कमी वाटते. खराब कापड पहिल्या वर्षातच आपलं रूप दाखवतं. ते आटतं, शिवणीजवळ धागे सरकतात, त्यावर गोळे येतात. चार वर्षं नीट चालून मग तीन शर्ट एकापाठोपाठ गेले, त्याचं साधं कारण असं की ते साधारण एकाच सुमारास घेतलेले असणार, एकाच पाण्यात धुतलेले आणि एकाच दोरीवर वाळलेले. म्हणून त्यांची ताकदही एकदमच संपत आली. मात्र कापड न पाहता दोष कुणाचा किती हे ठरवता येत नाही. घामाचा वाटा, उन्हाचा वाटा, साबणाचा वाटा प्रत्येक घरात वेगळा असतो. त्यामुळे आधी तुम्ही स्वतः पाहून घ्या, त्याला दहा मिनिटं पुरतात.

फाटलेला शर्ट खिडकीसमोर उजेडात धरा. फाटलेल्या जागेच्या आजूबाजूचं कापड विरळ, जाळीसारखं दिसत असेल तर ते घासून झिजलं आहे. कापड तितकंच दाट दिसत असेल आणि तरीही फाटलं असेल, तर धागा आतून कुजला आहे. तुमच्या वर्णनावरून पाठीवरची दोन प्रकरणं दुसऱ्या प्रकारातली दिसतात आणि कॉलरचं बहुधा पहिल्या-दुसऱ्याची भेसळ.

आता धाग्याची परीक्षा. फाटलेल्या कडेतून एक आडवा धागा सुईनं सोडवून काढा. तसाच एक धागा शर्टाच्या खालच्या घेरातून काढा, जो भाग कायम पँटमध्ये खोचलेला असतो. दोन्ही धागे दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळू ओढा. घेरातला धागा आधी थोडा ताणला जाईल, बोटांना रोध जाणवेल, मग तुटेल. तुटलेलं टोक लांबट आणि केसाळ असेल, कारण त्यातले तंतू एकमेकांवरून घसरत वेगवेगळ्या ठिकाणी सुटतात. खांद्याजवळचा धागा ताण न घेताच तुटेल. त्याचं टोक आखूड, कापल्यासारखं, कारण तंतू घसरायच्या आधी स्वतःच मोडले. हा फरक ठळक दिसला तर समजा की खांद्याचं कापड रासायनिकरीत्या कमजोर झालं आहे. तो शर्ट परत पहिल्यासारखा होणार नाही, पण उरलेल्यांच्या बाबतीत अजून बरंच करता येईल.

ही कमजोरी येते कुठून? कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. साखरेच्या छोट्या घटकांची लांबच लांब माळ, अशा असंख्य माळा एकमेकींना बिलगून एक तंतू होतो. ऊन, आम्ल किंवा ब्लीच या माळा मध्येच तोडतात. माळ अर्धी झाली तरी तंतू दिसायला तसाच राहतो. वजन घटत नाही, रंग जात नाही, जाडी बदलत नाही. ताकद मात्र उतरत जाते. रोजच्या वापरात शर्टाला त्याच्या मूळ ताकदीचा थोडासाच भाग लागतो, म्हणून निम्मी ताकद गेल्यावरही काही कळत नाही. मग एक दिवस हँडलकडे हात नेताना पाठीवर ताण येतो आणि उरलेली ताकद त्याला कमी पडते. झीज चार वर्षांची असते, दिसते मात्र एका क्षणात.

फाट लांबवर का धावते, तेही त्यातच आहे. चांगल्या कापडात फाटेच्या टोकाशी चार-पाच धागे सरकून जवळ येतात आणि मिळून ताण सोसतात, त्यामुळे फाट तिथेच अडते. कुजलेल्या कापडातला धागा शेजाऱ्याच्या मदतीला यायच्या आधीच तुटतो. एकामागून एक तुटत जातो आणि टर्रकन आवाज होतो. जड खळ दिलेल्या शर्टातही असंच होतं, कारण खळीनं धागे एकमेकांना चिकटलेले असतात आणि सरकू शकत नाहीत. शर्टाला खळ देत असाल तर जुन्या शर्टांना देणं बंद करा.

तुमच्या प्रकरणात सर्वांत मोठा वाटा मी उन्हाला देईन. इंदूर कर्कवृत्ताच्या जरासंच दक्षिणेला आहे. जूनच्या सुरुवातीला दुपारी सूर्य इथे जवळजवळ थेट डोक्यावर असतो. हँगरवर किंवा खांदे वर करून टांगलेल्या शर्टाचा कोणता भाग त्या सूर्याकडे तोंड करून असतो? खांदे, योक आणि कॉलर. बाकीचं कापड उभं लटकतं, त्यावर किरण तिरपे येतात. अंगात घातलेल्या शर्टाचंही तेच. स्कूटरवर असताना तेच खांदे, तीच पाठीची वरची बाजू भाजून निघते. अतिनील किरणं, हवेतला प्राणवायू आणि ओलावा हे तिघं एकत्र आले की सेल्युलोजचं ऑक्सिडेशन होतं. ओलं कापड उन्हात असताना हा मारा कोरड्यापेक्षा जास्त बसतो. शर्ट दोरीवर घालतो तेव्हा तो ओला असतोच, त्यामुळे वाळायला लागणारा सुरुवातीचा तासभर टळत नाही, पण त्यानंतरचे सगळे तास निव्वळ नुकसानीचे.

एक हिशोब करून पाहा. शर्ट आठवड्यातून दोनदा धुतला, तर वर्षाला साधारण १०० वेळा, चार वर्षांत ४००. सकाळी नऊला गच्चीवर टाकून दुपारी दोनला काढला, तर दर खेपेस ५ तास. म्हणजे ४०० गुणिले ५, एकूण २,००० तास ऊन, आणि तेही वर्षातल्या कडक दिवसांसह. एप्रिल-मे मध्ये इथल्या कोरड्या हवेत पिळलेला सुती शर्ट तास-दीड तासात वाळतो. तेवढ्यातच काढला असता तर तोच आकडा ६०० च्या आसपास राहिला असता. पावसाळ्याचे आणि ढगाळ दिवस वजा केले तरी प्रमाण तेच राहतं. शर्ट वाळल्यावर दोरीवर विसरून राहतो, हीच इथली सर्वांत महागडी सवय आहे. मोहरीच्या किंवा नारिंगी छटेचे शर्ट असतील तर जास्त सांभाळा. काही पिवळे आणि नारिंगी रंग स्वतः ऊन शोषून शेजारच्या तंतूला ते नुकसान पोचवतात. रंग टिकतो आणि कापड विरतं, हे अशाच शर्टांत पाहायला मिळतं.

आता घाम. ताजा घाम हलका आम्लधर्मी असतो, त्यात मीठ आणि थोडं लॅक्टिक आम्ल असतं. तेवढ्यानं कापड एका दिवसात जळत नाही, ही भीती काढून टाका. घाम अंगावर वाळतो तेव्हा पाणी उडून जातं आणि आम्ल व क्षार तिथेच राहतात, दाट होत जातात. शर्ट तसाच खुंटीला दोन-तीन दिवस टांगला, मग पुन्हा घातला, मग वरून गरम इस्त्री फिरवली, तर नुकसान होतं. आम्ल सेल्युलोजची माळ तोडतं आणि उष्णता त्याचा वेग वाढवते. म्हणून घामाचा शर्ट न धुता "नुसती इस्त्री मारून" घालणं फार वाईट.

याच कारणासाठी कॉलरच्या डागावर लिंबू चोळून न धुता वाळवू नका. व्हिनेगर वाळताना उडून जातं, सायट्रिक आम्ल उडत नाही. ते कापडात बसून राहतं आणि इस्त्रीखाली तिथलंच कापड विरतं. लिंबू वापरायचंच असेल तर दहा मिनिटांत तीन पाण्यांनी धुऊन काढा.

धुण्याचा वाटा थोडा वेगळा आहे आणि बहुतेकांना तो माहीत नसतो. उन्हानं ऑक्सिडाइझ झालेलं सेल्युलोज धुण्याच्या सोड्याला फार हळवं असतं. गरम पाण्यात सोडा टाकला की उन्हानं आधीच चिरा पाडलेल्या माळा तिथेच तुटतात. म्हणजे कापड कमजोर केलं गच्चीनं, पण फाटलेलं दिसलं बादलीत किंवा धुतल्यानंतरच्या पहिल्या वापरात, आणि ठपका येतो साबणावर. उलट सुती धागा ओला असताना कोरड्यापेक्षा मजबूत असतो, थोडाथोडका नाही, दहा-वीस टक्के. त्यामुळे निरोगी सुती शर्टाला हलक्या हाताच्या धुण्याचा त्रास होत नाही.

बोअरिंगच्या पाण्याची अडचण ही की त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबणाचा फेस होत नाही. साबणाचा चिकट थर तंतूंत अडकतो, कापड राखाडी आणि कडक वाटतं, म्हणून माणूस आणखी साबण घालतो आणि आणखी जोरात ब्रश मारतो. शर्ट धुवायला नळाला येणारं नर्मदेचं पाणी राखून ठेवता आलं तर उत्तम. नळ एकाआड एक दिवस येत असेल तर निदान शेवटचा हात त्या पाण्याचा द्या. फक्त बोअरिंगचंच पाणी असेल तर साबणाच्या वडीऐवजी डिटर्जंट पावडर वापरा, तिला अशा पाण्याचा त्रास वडीपेक्षा कमी होतो. पाण्यात लोह असेल, म्हणजे बादलीला तांबूस कड येत असेल, तर ब्लीच अजिबात नको. लोहाच्या कणाशेजारी ब्लीच जास्त जोरानं काम करतं आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. गंजलेल्या तारेवर किंवा गंजलेल्या चिमट्यानं टांगलेल्या शर्टावरही अशीच भोकं ओळीनं दिसतात. ब्लीचमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर कधीच मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि ब्लीचची क्षारता गेली की ते कापडावर सर्वांत जास्त हल्ला करतं.

पाठीची फाट नेमकी योकखालीच का, याला शिवणकामाचं कारण आहे. योक दोन थरांचा असतो, त्याच्या खालचा पाठीचा भाग एकेरी. हात पुढे नेला की दोन्ही खांद्यांमधलं अंतर वाढतं आणि कापड आडवं ओढलं जातं. दुहेरी योक हलत नाही, म्हणून सगळा ताण शिवणीच्या लगतच्या एकेरी कापडावर येतो, आणि तिथे शिलाईच्या सुईनं आधीच एका ओळीत भोकं पाडलेली असतात. पॉपलिनसारख्या शर्टिंगमध्ये उभे धागे, म्हणजे ताणा, जास्त दाट असतात आणि आडवे, म्हणजे बाणा, विरळ. आडवा ताण बाण्यावर येतो, तोच विरळ, म्हणून तो आधी तुटतो आणि फाट उभी खाली जाते. तुमची फाट उभी आहे की शिवणीच्या समांतर आडवी, हे पाहा. उभी असेल तर शर्ट पाठीला तंग होत आहे. चार वर्षांत शर्ट थोडा आटतो आणि माणूस थोडा रुंद होतो. शिवणीला समांतर असेल तर ताणा तुटला आहे, आणि शर्टाच्या लांबीच्या दिशेनं येणारा ताण मुख्यतः टांगण्यातून आणि ओढून काढण्यातून येतो.

खांद्यावरची फाट एकाच बाजूला असेल तर तिथे घासणारी वस्तू शोधा. कार चालवणाऱ्याचा उजवा खांदा सीटबेल्टनं घासतो. बॅग एका खांद्याला घेणाऱ्याचा तोच खांदा जातो.

कॉलर मात्र वेगळी गोष्ट आहे. तिची घडी मानेवर आणि हनुवटीच्या खुंटांवर दिवसभर घासते. त्यात घाम आणि मानेचं तेल मुरतं, मग त्या तेलकट रेघेवरच कडक ब्रश फिरतो. वर इस्त्रीवाला घडीवर दाब देऊन धारदार कड काढतो. आतलं कडक अस्तर, म्हणजे फ्युजिंग किंवा बकरम, कापडाला वाकू देत नाही, त्यामुळे घडीवरचे धागे प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी मोडतात. म्हणून कॉलर उजेडात धरली तर ती बहुतेक वेळा झिजलेलीच दिसते.

आता बदलायचं काय, तर फार काही नाही. शर्ट अंगातून काढला की साध्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा आणि पिळून टांगा, धुणं नंतर झालं तरी चालेल. घाम ताजा असताना पाण्यातच निघतो. कॉलरवर तेलाची रेघ असेल तर भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब टाकून अंगठ्यानं चोळा, पंधरा मिनिटं ठेवा आणि मऊ टूथब्रशनं घडीच्या दिशेनं, घडीला आडवा न घासता, हलका हात फिरवा. पाणी कोमट पुरे, हाताला ऊबदार लागेल इतकंच. सोडा आणि मोगरी जुन्या शर्टांपासून दूर. आतून बनियान घातलात तर घामाचा मोठा भाग तोच झेलतो आणि त्याला बदलायला खर्च कमी.

वाळवताना शर्ट उलटा करा, म्हणजे आतली बाजू बाहेर, आणि खालच्या घेरानं दोरीवर लावा. घेर दुमडलेला म्हणून मजबूत असतो, खांदे खाली लटकतात आणि ऊन त्यांच्यावर तिरपं पडतं. गच्चीवर छपराखाली सावली असेल तर तिथेच टांगा, माळव्यातल्या उन्हाळी वाऱ्यात सावलीतही दोन-अडीच तासांत वाळतो. पावसाळ्यात वेळ लागेल, तेव्हा पंखा लावा. इस्त्री कापड किंचित ओलसर असताना करा. कॉलर उलगडून सपाट ठेवा, टोकांकडून मधल्या भागाकडे इस्त्री न्या, आणि घडी हातानं पाडा, इस्त्रीनं दाबू नका.

उरलेल्या शर्टांची आजच चाचणी घ्या. योकखाली कापड दोन्ही अंगठ्यांत धरून बाजूला ओढा, सावकाश, रोज पाठीवर येतो तेवढाच जोर लावून. कापड चरकन उसवल्यासारखं वाटलं तर तो शर्ट घरी वापरायचा. टिकलं तर त्याला मदत देता येते. घेरातून किंवा जुन्या, अनेकदा धुतलेल्या सुती शर्टातून पट्टी कापा. नवीन कोरं कापड लावू नका, ते आटून आजूबाजूचं कापड ओढतं आणि स्वतः मजबूत असल्यानं शेजारचा कमजोर भाग फाडतं. पट्टी आतल्या बाजूनं ठेवा, कमजोर भागाच्या पलीकडे चारही बाजूंना ३-४ सेंटीमीटर धडधाकट कापडापर्यंत न्या. वरची कड योकच्या शिवणीत घाला. ११ नंबरची बारीक सुई आणि ३ मिलिमीटरचा टाका सांगा. जवळजवळ टाके म्हणजे टपाल तिकिटाची भोकं, तिथूनच पुढची फाट सुरू होते. फाट पडल्यावर रफू करायचं असेल तर रफूवाल्याला आधी विचारा की भोवतीचा धागा टाका धरतो का. तो धरत नसेल तर रफूचे पैसे वाया जातात.

कॉलरची घडी विरली असेल आणि बाकी शर्ट चांगला असेल तर कॉलर उलटवून घ्या, कुठलाही जुना टेलर हे करतो. कॉलर आणि बँड, म्हणजे तिच्या खालची मानेभोवतीची पट्टी, यांच्यामधली शिवण उसवायची, कॉलर उलटी फिरवून पुन्हा बँडमध्ये बसवायची, आणि आतली न झिजलेली बाजू वर येते. कॉलरच्या टोकांना बटणाची भोकं असतील तर त्यांची मागची बाजू वर येते. फ्युजिंग सहसा वरच्या थराला चिकटवलेलं असतं, त्यामुळे उलटवल्यावर कॉलर किंचित मऊ पडेल आणि कड थोडी वेगळी बसेल. उसवायच्या आधी टेलरला कॉलरची दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून मोजायला सांगा. मागच्या मध्यापासून टोकापर्यंतची लांबी आणि टोकांची उंची दोन्हीकडे सारखी नसेल, तर फिरवल्यावर कॉलर एका बाजूला ओढलेली दिसते.